सेलमहून परतीचं भाडं: थांबायचं की रिकामं पुढे यायचं?

निफाडकर_१०
नमस्कार मंडळी. आमच्या तीन दहाटायर गाड्या आहेत, १८ टन पासिंग. पिंपळगावहून कांदा घेऊन दक्षिणेत जातात, जास्त करून बंगळूर आणि सेलम. जायचं भाडं मिळतं, त्याची अडचण नाही. सगळा घोळ परतीचा आहे. एक गाडी काल सेलमला खाली झाली. तिथला दलाल म्हणतो साबुदाणा आहे, नाशिकलाच उतरवायचा, २५०० रुपये टन, पण तीन दिवस थांबा. होसूरचा दुसरा माणूस म्हणतो उद्या इकडे या, चाकणला जायचा माल देतो, २००० रुपये टन. सेलम ते होसूर १६० किलोमीटर रिकामं जावं लागेल आणि चाकणहून घरी येतानाही रिकामंच. ड्रायव्हर म्हणतो मालक, सरळ घरी येतो, कांदा लागलाय. काय करावं? जाताना भाडं ३८०० टनाने मिळालंय.

रोहन_पुणे
भाऊ, साधा हिशोब आहे. गाडी रिकामी आली तरी डिझेल आणि टोल लागणारच. म्हणून परतीला डिझेलपुरतं मिळालं तरी घ्यायचं. ॲपवर टाका ना, ब्लॅकबक, वाहक, दोन्हीवर सेलमची गाडी दाखवा, तासाभरात फोन सुरू होतात. आणि तीन दिवस थांबायचंच असेल तर मधे सेलम-होसूर किंवा सेलम-चेन्नई एखादी छोटी फेरी मारून घ्या, गाडी उभी कशाला ठेवता?

जुना_वाहतूकदार
रोहन, डिझेल-टोलचं तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे, त्याकडे येतो. पण सेलम-चेन्नई फेरीचं डोक्यातून काढून टाक. एमएच पासिंगची गाडी नॅशनल परमिटवर चालते. त्या परमिटवर दुसऱ्या राज्यातल्या दोन गावांमध्ये माल वाहता येत नाही. होसूरही तमिळनाडूतच आहे, नकाशावर बंगळूरला चिकटलेलं दिसलं तरी. सेलमहून भरून बंगळूरला उतरवलं तर चालतं, कारण राज्य बदललं. सेलम-चेन्नई भरली आणि आरटीओने बिल्टी मागितली तर दंड बसतो. वर माल आणि गाडी अडकून पडतात ते वेगळं.

निफाडकर, तुझा हिशोब मांडून दाखवतो. डिझेल ९० रुपये धरतो. भरलेली गाडी चारचं ॲव्हरेज देत असेल, रिकामी साडेपाचचं. तुझे आकडे वेगळे असतील तर बदलून घे.

पिंपळगाव ते सेलम साधारण साडेबाराशे किलोमीटर. जाताना भाडं ६८,४००. डिझेल २८ हजार, टोल सहा, दलाली-भत्ता-किरकोळ पाच, म्हणजे ३९ हजार खर्च. उरले २९,४००. आता गाडी रिकामी घरी आण. डिझेल वीस हजारांच्या वर, टोल तोच सहा हजार, कारण फास्टॅग गाडीचे ॲक्सल बघतो, भरलेली की रिकामी ते बघत नाही. भत्ता दीड हजार. झाले २८ हजार. सात दिवसांच्या फेरीत हातात राहिले १,४००. हप्ता, इन्शुरन्स, ड्रायव्हरचा पगार अजून दिलेलाच नाही. कांदा लागलाय म्हणून ड्रायव्हर रिकामं यायला निघालाय, पण तो कांदाही असाच १,४०० देणार.

आता परतीचं भाडं मोज. रिकामं यायला जो खर्च होणारच होता तो या भाड्यावर टाकायचा नाही, रोहनचं एवढं खरं. भाड्यावर टाकायचं ते वजनामुळे लागलेलं जादा डिझेल. भरलेली आणि रिकामी यात किलोमीटरला सहा रुपयांचा फरक पडतो. नाशिकपर्यंत ते होतात ७,७०० च्या आसपास. दलाली-हमाली तीन हजार आणि थांबल्याचा भत्ता दीड हजार. साबुदाण्याचे ४५ हजार आले तर त्यातून ३२,८०० सुटतात. होसूरच्या ३६ हजारांतून, अंतर कमी असल्याने, २७,४०० सुटतात.

नुसतं एवढं बघितलं तर साबुदाणा पाच हजारांनी वर. पण दिवस मोज. साबुदाण्याची फेरी तीन दिवस थांबून अकरा दिवसांची, होसूरची नऊ दिवसांची. जाता-येता मिळून साबुदाण्यात ३४,२०० उरतात, म्हणजे दिवसाला ३,१००. होसूरमध्ये २८,८००, दिवसाला ३,२००. दोन्ही जवळजवळ सारखं. गाडीचा उभ्याचा खर्च किती आहे तुझा?

निफाडकर_१०
काका, हप्ता ४८ हजार, ड्रायव्हर २० हजार, इन्शुरन्स-टॅक्स-फिटनेस मिळून महिन्याला दहा धरतो. २६ दिवस गाडी चालते.

जुना_वाहतूकदार
म्हणजे ७८ हजार भागिले २६, दिवसाला ३,०००. बघ, दोन्ही पर्यायांत दिवसाला शंभर-दोनशे रुपयेच सुटतायत. त्यातून टायर घासले, तेल बदललं की संपलं. हीच परतीच्या भाड्याची खरी अवस्था आहे. कुठला दलाल पाचशे रुपये टनाला जास्त देतो यावर रात्रभर फोन करून फारसं हाती लागत नाही. तीन दिवसांच्या थांब्यात सगळं जातं.

आता हाच साबुदाणा थांबा न होता मिळाला असता तर? गाडी उतरली, दुसऱ्या दिवशी भरली, फेरी नऊ दिवसांत. भत्त्याचे हजारभर वाचले. दिवसाला ३,९०० पडले असते. गाडी तीच, माल तोच, भाडं तेच आणि दिवसाला आठशे रुपये जास्त. ते फक्त आधी ठरवल्यामुळे.

या वेळी माझा कौल होसूरला. दोन दिवस वाचतात आणि कांद्याचा पुढचा माल हातचा जात नाही. होसूर तसंही तुझ्या वाटेवरच आहे, त्यामुळे ते १६० किलोमीटर वाया जात नाहीत. पण जायच्या आधी होसूरवाल्याकडून भरणाऱ्या पार्टीचं नाव आणि भरायची वेळ घे. तोंडी "या, देतो" वर गाडी हलवू नकोस.

स्टेअरिंग_बीड
मी ड्रायव्हर आहे, मालक नाही. वीस वर्षं झाली. थांबायला ड्रायव्हर का कंटाळतो ते सांगतो. सेलममध्ये तीन दिवस गाडीपाशीच झोपायचं, जेवण महाग पडतं, भाषा येत नाही, पार्किंगचे पैसे द्यायचे आणि रात्री डिझेल चोरीला जाईल म्हणून जागायचं. मालक फेरीचे पैसे देतो, दिवसाचे नाही. थांबलो तर नुकसान माझं, मग मी कशाला तुमच्यासाठी भाडं शोधू? आमच्या आत्ताच्या मालकाने थांबल्याचा दिवसाला भत्ता ठरवलाय आणि परतीचं भाडं मी आणलं तर त्यात माझा ठरलेला वाटा. तेव्हापासून सेलमच्या दोन ऑफिसात माझाच नंबर लिहिलेला आहे, मालकाचा नाही.

अजून एक. परतीला तोप्पूरचा घाट चढ लागतो. जाताना उतार असतो म्हणून लक्षात राहत नाही. १८ टन घेऊन चढलं की ॲव्हरेज चारवर राहत नाही. हिशोबात धरा.

जुन्नरचा_पिकअप
चांगली चर्चा. माझं पण असंच आहे. माझी पिकअप आहे, रोज रात्री भाजी घेऊन वाशीला जातो आणि सकाळी रिकामी येते. मलापण सेलमचा दलाल चालेल का? की वाशीलाच ॲपवर टाकू? मला तर क्रेट परत आणावे लागतात, ते शेतकऱ्यांचे असतात.

जुना_वाहतूकदार
पिकअपदादा, तुझा प्रश्न वेगळा आहे. सेलमचा तुला उपयोग नाही. तू रोज रात्री त्याच वेळी त्याच बाजारात जातोस, त्यामुळे तुला दलाल लागत नाही, एक-दोन कायमची गिऱ्हाईकं लागतात. रिकामे क्रेट एकात एक बसणारे असतील तर निम्मा हौदा मोकळा राहतो. नारायणगाव-आळेफाट्याच्या किराणा दुकानदारांना वाशीच्या मसाला आणि दाणा बाजारातून आठवड्याला माल लागतोच. त्यांना विचार. क्रेट एकात एक बसत नसतील तर मात्र जागा नाही, मग परतीचा नाद सोड आणि क्रेटचं भाडं जाण्याच्या दरातच लावून घे.

सुनंदा_मालेगाव
आमच्या दोन गाड्यांचा हिशोब मी ठेवते. काकांनी नफा बरोबर मांडला, पण तो कागदावरचा आहे. परतीच्या भाड्यात पैसे अडकतात ते कुठे अडकतात ते सांगते.

जाताना आपला दलाल ओळखीचा असतो. परतीला हजार किलोमीटरवरच्या माणसाशी व्यवहार असतो. ॲडव्हान्स मिळतो, पण बाकी पोच पोहोचल्यावर. पोच म्हणजे सही-शिक्क्याची बिल्टीची कॉपी, ती कुरियरने सेलमला पाठवायची. पोहोचली नाही, शिक्का पुसट आहे, तारीख चुकली, काहीही कारण काढून बाकी लांबवतात. आम्ही आता माल उतरतानाच पोचचे दोन्ही बाजूंचे फोटो काढतो आणि त्या पार्टीसमोरच व्हॉट्सॲपवर पाठवतो. मूळ कागद स्पीड पोस्टाने पाठवतो आणि पावती जपून ठेवतो. ॲडव्हान्स कमी आणि बाकी मोठी असेल असं भाडं दरात दोनशे जास्त असलं तरी घेत नाही.

दुसरं टीडीएसचं. ज्यांच्याकडे दहापेक्षा जास्त मालवाहू गाड्या नाहीत त्यांनी पॅन आणि तसं डिक्लरेशन दिलं की भाड्यातून टीडीएस कापत नाहीत. बाहेरगावचा ट्रान्सपोर्टवाला हे मागत नाही, सरळ कापतो आणि कधीकधी भरतही नाही. गाडी भरण्याआधीच डिक्लरेशनची कॉपी पाठवून ठेवायची.

आणि ई-वे बिल. दोनशे किलोमीटरला एक दिवस. सेलम-नाशिकला सात दिवस मिळतात. पण पार्टीने गाडी नंबर टाकला की घड्याळ सुरू होतं. भरायला उशीर झाला किंवा वाटेत गाडी बिघडली तर मुदत संपायच्या आठ तास आधी किंवा आठ तास नंतरपर्यंतच वाढवून मिळते. रात्री ड्रायव्हरला हे कोण सांगणार? आमच्याकडे मी अलार्म लावते.

रोहन_पुणे
परमिटचं माहीत नव्हतं, धन्यवाद काका. पण ॲपचं म्हणणं मी सोडत नाही. दलाल बसल्या जागी कमिशन खातो आणि पार्टी लपवतो. ॲपवर समोर दर दिसतो.

सुनंदा_मालेगाव
दर दिसतो, माणूस दिसत नाही ना. आमच्याकडे असा फोन आला होता. माल पक्का, दर बाजारापेक्षा चांगला, फक्त गेटपाससाठी अडीच हजार आधी टाका, भाड्यात परत मिळतील. ड्रायव्हरला मी कंपनीच्या गेटवर पाठवलं, तिथे त्या नावाचा माल नव्हताच. आमचा नियम ठरलेला आहे, भरण्याआधी गाडीवाल्याने कुणालाही एक रुपया द्यायचा नाही. जो गेटपास, डिपॉझिट, बुकिंग मागतो तो फोन ठेवायचा. ॲप वाईट नाही, आम्हीही वापरतो, पण भाव समजायला. त्या आठवड्यात सेलम-पुणे काय चाललंय ते बघायचं आणि मग आपल्या माणसाशी बोलायचं.

निफाडकर_१०
होसूरला गाडी लावली, आज भरते आहे. काका, आधी ठरवायचं म्हणता ते नेमकं कसं? मी निघताना सेलमला फोन करतोच, पण तो म्हणतो आल्यावर बघू.

जुना_वाहतूकदार
तो "आल्यावर बघू" म्हणतो कारण तू त्याला बिनभरवशाची गाडी वाटतोस. नामक्कल, संकगिरी ही सगळी लॉरींची गावं सेलमच्या शेजारी आहेत. त्याच्या दारात स्थानिक गाड्या उभ्याच असतात. तुझी गाडी त्याला का हवी? एकाच कारणाने हवी असते. तुला घरी जायचंच आहे म्हणून तू स्थानिक गाडीपेक्षा कमी दरात महाराष्ट्रात जातोस, आणि तू ठरल्या दिवशी येतोस. दुसरी गोष्ट त्याला दाखवून द्यावी लागते. तीन गाड्यांपैकी आठवड्याला एक सेलमला जाणारच असं जमव आणि त्याला वार सांग. गाडी कांद्याला लागली की त्याच दिवशी गाडी नंबर, टन आणि पोहोचायची तारीख पाठव. पहिले दोन-तीन महिने दर ताणू नकोस.

पण त्याहून मोठा उपाय दुसऱ्या टोकाला आहे. साबुदाणा विकत कोण घेतं? आपल्याकडचा नाशिकचा, मालेगावचा, पुण्याचा घाऊक व्यापारी. बहुतेक वेळा भाडंही तोच देतो, बिल्टीवर टू-पे लिहिलेलं असतं. सेलमच्या दलालाच्या दारात उभं राहण्यापेक्षा नाशिकच्या व्यापाऱ्याच्या गादीवर जा. त्याला सांग, माझी गाडी दर आठवड्याला सेलमला खाली होते, तुमचा माल मी आणतो. दलाली वाचते ती दोघांत वाटून घ्या. बाकीसाठी कुरियरही नको, पैसे गावातच मिळतात. आणि साबुदाण्याला कधी जोर येतो हे तुला-मला सांगायला नको. आषाढी, श्रावण, नवरात्र, महाशिवरात्र. त्याच्या तीन-चार आठवडे आधी व्यापारी माल भरून ठेवतो. त्या काळात सेलमला गाडी जास्त लाव. एरवी बंगळूर-होसूर धर.

व्यापाऱ्याला गाडी देताना तीन गोष्टी विचार. माल घेतला का, पैसे भरले का, गोदामातून सुटायची ऑर्डर निघाली का. तिथे सॅगोसर्व्ह म्हणून साबुदाणा-स्टार्च कारखानदारांची सहकारी संस्था आहे, १९८१ पासूनची. तिथे माल टेंडरने विकला जातो. नुसता भाव ठरला म्हणजे माल सुटला असं नाही. तुला तीन दिवस थांबा म्हणाला तो बहुधा यातच अडकला असेल.

स्टेअरिंग_बीड
साबुदाण्याच्या गाडीचं एक राहिलं. कांदा उतरवला की हौद्यात सालं, माती आणि कुजक्या कांद्याचं पाणी राहतं. वास फळ्यांत मुरतो. साबुदाणा पांढरा माल, पार्टीचा माणूस आधी हौद्यात चढतो, खाली वाकून वास घेतो, फळीवरून हात फिरवतो. ओल लागली किंवा खिळा वर आलेला दिसला की गाडी परत. माझ्यासमोर दोन गाड्या परत गेल्यात. म्हणून उतरल्या उतरल्या हौदा झाडायचा, पाण्याने धुवायचा, फाळका उघडा टाकून उन्हात अर्धा दिवस तरी वाळवायचा. खाली जुनी पण कोरडी ताडपत्री, वर चांगल्या दोन. कांद्याला हवा लागते म्हणून गाडीवाले एकच हलकी ताडपत्री घेऊन निघतात, आणि येताना पावसात साबुदाण्याची पोती भिजली की भाडं सोडा, नुकसानीचा क्लेम अंगावर येतो. निघतानाच दुसरी ताडपत्री केबिनवर टाका.

रोहन_पुणे
हे कुठल्याच ॲपवर लिहिलेलं नसतं, खरं आहे. पण काका, एक विचारतो. सगळेच कमी दरात परतीचं घ्यायला लागले तर तिथल्या गाड्यांचा बाजार पडत नाही का?

जुना_वाहतूकदार
पडतो. आणि आपल्याही इथे तेच होतं, ते दिसत नाही इतकंच. पिंपळगावच्या मार्केटबाहेर तमिळनाडूच्या लॉऱ्या उभ्या असतात त्या काय करतात? त्या इकडे माल टाकून आलेल्या असतात, त्यांना घरी जायचंय, त्यांच्यासाठी कांदा हेच परतीचं भाडं. ज्या दिवशी तशा दहा लॉऱ्या उभ्या असतात त्या दिवशी निफाडकरला ३८०० मिळत नाहीत, ३००० वर यावं लागतं. तुझं जायचं भाडं कुणाचं तरी यायचं आहे, आणि उलटं. म्हणून मी जायचं भाडं ठरवण्याआधी बाहेरच्या किती गाड्या उभ्या आहेत ते मोजायचो.

सुनंदा_मालेगाव
काका, मग दर धरून ठेवायचा कसा? आमच्या तालुक्यातल्या काही मालकांनी ठरवलं होतं, सेलम-नाशिक २३०० च्या खाली कुणीच घ्यायचं नाही. दोन आठवड्यांत मोडलं. ज्याचा हप्ता थकला त्याने २००० ला भरली.

जुना_वाहतूकदार
दर धरणं छोट्या मालकांना जमत नाही असंच मी बघत आलोय. ज्याची गाडी उभी, तो दर मोडतो. पण माहिती धरता येते. कुठल्या दलालाने कुणाची बाकी बुडवली, सेलमला आज किती गाड्या उभ्या आहेत, कुणाचा माल सुटला, एवढं जरी एकमेकांना सांगितलं तरी थांब्याचा एखादा दिवस वाचतो.

स्टेअरिंग_बीड
मला नाही पटत काका. माहिती सांगितली की तीच गाडी आधी जाऊन भरते. आमच्या मालकाला तसा अनुभव आहे, तो आता गप्प राहतो.

निफाडकर_१०
आमच्या गावात आम्ही पाच मालक मिळून बारा गाड्या आहेत. विचार असा की एकाच नावाने नाशिकच्या साबुदाणा व्यापाऱ्याला आठवड्याला दोन गाड्या द्यायच्या, ज्याची सेलमला खाली होईल त्याची भरायची. प्रश्न दोन. एक, दुसऱ्याच्या गाडीत पोती भिजली तर व्यापारी माझ्या भाड्यातून कापणार का? दोन, बिल्टी एकाच्या नावाने फाटली तर त्या एकाच्याच खात्यावर दहापेक्षा जास्त गाड्या धरतात का, सुनंदाताई?

सुनंदा_मालेगाव
दुसऱ्याचं पक्कं उत्तर सीएला विचारूनच घ्या. डिक्लरेशन गाडी ज्याच्या मालकीची त्याचं असतं, पण पैसे एकाच्याच खात्यावर आले तर तुमच्यात आपापसात काय कागद आहे ते बघावं लागेल. पहिल्याचं मात्र लिहूनच घ्या. ज्याच्या गाडीत माल भिजला त्याने भरायचं, आणि गाडी भरताना हौद्याचा व ताडपत्रीचा फोटो प्रत्येकाने ग्रुपवर टाकायचा. व्यापाऱ्याला हे आधी मान्य आहे का ते विचारा. तो बहुधा म्हणेल, मला एकच माणूस ओळखीचा, मी त्याच्याकडूनच घेणार.

निफाडकर_१०
तसंच म्हणाला. उद्या पाचही जण त्याच्या गादीवर जातोय.